पिन लागली, पण चार्जिंग नाही

माझी भाची कराडला एका करसल्लागारांकडे काम करते. जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख जवळ आली की तिचा लॅपटॉप रात्री उशिरापर्यंत चालू असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पडद्यावर, खाली उजव्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर बाण नेला की एक ओळ दिसू लागली: `Plugged in, not charging`. पिन लावलेली आहे, पण चार्जिंग होत नाही. बॅटरी ३४ टक्क्यांवर होती आणि दोन दिवस ३४ वरच राहिली. मग वीज गेली, अर्धा तास लॅपटॉप बॅटरीवर चालला आणि आकडा १९ वर आला. वीज परत आली, तरी आकडा १९ च राहिला.

तिने तो गावातल्या एका दुकानात नेला. पाच वर्षं झालीत, बॅटरी संपली, असं तिथे सांगितलं गेलं. ३,२०० रुपये देऊन नवी बॅटरी बसवली. घरी आणली तेव्हा नव्या बॅटरीत ४६ टक्के चार्ज होता, पिन काढून लॅपटॉप तासभर चालला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. चौथ्या दिवशी आकडा ११ वर आला आणि पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली. ती माझ्याकडे आली ती लॅपटॉप, अडॅप्टर आणि दुकानदाराने परत दिलेली जुनी बॅटरी असं सगळं पिशवीत घेऊनच. "मामा, नवी बॅटरीपण खराबच निघाली का?"

नवी बॅटरी खराब नव्हती. जुनीही नव्हती. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि ही चूक दर वर्षी निदान चार-पाच विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपबाबत झालेली पाहतो. चार्जिंग होत नाही म्हटलं की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पैसेही तिच्यावरच जातात. खरं तर पडद्यावरची ती ओळच बरंच काही सांगत असते. ती नीट वाचायला हवी.

ओळीचे दोन भाग आहेत. पिन लावलेली आहे, हे लॅपटॉपला कळतंय, असं पहिला भाग सांगतो. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून लॅपटॉपच्या आतपर्यंत वीज येते आहे. वायर पूर्ण तुटली असती किंवा अडॅप्टर पूर्ण मेला असता, तर ही ओळ दिसलीच नसती. लॅपटॉपने आपण बॅटरीवर चालतो आहोत असं दाखवलं असतं. दुसरा भाग सांगतो की बॅटरी भरायची नाही, असं आत कुणीतरी ठरवलं आहे. मी 'ठरवलं' हा शब्द मुद्दाम वापरतो. पिन लावली की बॅटरी आपोआप भरते, नळ सोडला की बादली भरते तशी, अशी आपली समजूत असते. लॅपटॉपमध्ये तसं होत नाही. मदरबोर्डवर एक छोटा कंट्रोलर असतो. तो आधी अडॅप्टरची चौकशी करतो, मग बॅटरीची, आणि दोघांची उत्तरं पटली तरच चार्जिंग सुरू करतो. एकाचंही उत्तर आलं नाही की तो लॅपटॉप अडॅप्टरवर चालू ठेवतो, बॅटरीला मात्र हात लावत नाही. त्यामुळे आपल्याला शोधायचं असतं ते एवढंच, की कुणाचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी, ती म्हणजे दोष खरोखर आहे का. आकडा ८० किंवा ६० अशा गोल संख्येवर थांबला असेल, तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. लिथियमच्या बॅटरीला सतत १०० टक्के भरलेलं राहणं मानवत नाही, म्हणून कंपन्यांनी मर्यादा घालायची सोय दिली आहे. लेनोवोच्या व्हँटेज ॲपमध्ये तिला `Conservation mode` म्हणतात, आसुसच्या ॲपमध्ये `Battery Health Charging`; एचपी आणि डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बायोसच्या सेटिंगमध्येही सापडते. ही सोय घरातल्या कुणी चालू केलेली असते, नाहीतर एखाद्या अपडेटनंतर चालू झालेली असते. तसंच ९६-९७ टक्क्यांवर पिन लावली तर कित्येक लॅपटॉप मुद्दामच चार्जिंग सुरू करत नाहीत. या दोन्ही ठिकाणी खर्च करायची काहीही गरज नसते.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. लिथियमची बॅटरी साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच भरायची असते. बॅटरीच्या आत तापमान मोजणारा भाग बसवलेला असतो, आणि मर्यादा ओलांडली की चार्जिंग थांबवलं जातं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीतलंच तापमान चाळिशीच्या वर असतं. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून पंख्याची जाळी झाकली, तर बॅटरी ती मर्यादा सहज ओलांडते. ओळखायची खूण सोपी आहे: असा लॅपटॉप सकाळी चार्ज होतो आणि दुपारी होत नाही. तो बंद करून तासभर थंड जागी ठेवावा आणि मग पिन लावावी. चार्जिंग सुरू झालं तर कारण उष्णतेचंच होतं.

भाचीच्या लॅपटॉपचा आकडा ११ होता आणि बाहेर पाऊस पडत होता. म्हणजे ही दोन्ही कारणं नव्हती.

मी आधी विचारलं, लॅपटॉप हळू झालाय का? ती म्हणाली, महिनाभर एक्सेलची फाईल उघडायलाही वेळ लागतोय, जुना झाला म्हणून असेल. विंडोजमधलं `Task Manager` उघडून `Performance` मध्ये पाहिलं, तर प्रोसेसरची गती ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेली होती. काहीही उघडलं तरी ती वर जाईना. पिन काढली आणि लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवला, तर गती लगेच २ च्या वर गेली. इथेच माझा बॅटरीवरचा संशय जवळपास गेला. बॅटरीवर लॅपटॉप नीट धावतोय आणि अडॅप्टरवर रांगतोय, याचा अर्थ लॅपटॉपचा अडॅप्टरवर भरवसा उरलेला नाही.

हा भरवसा कसा ठरतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे. अडॅप्टरच्या मागच्या लेबलवर `OUTPUT` या शब्दापुढे दोन आकडे असतात. समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार साधारण ६५ येतो. तो अडॅप्टर ६५ वॅटचा. तसाच दिसणारा, तीच पिन असलेला ४५ वॅटचाही अडॅप्टर असतो. लॅपटॉप स्वतः चालायलाच कामाप्रमाणे १५ ते ४० वॅट घेतो आणि बॅटरी भरायला त्यावर आणखी तेवढेच लागू शकतात. अडॅप्टर लहान असेल आणि लॅपटॉपने दोन्ही कामं एकदम काढली, तर अडॅप्टर तापेल, बंद पडेल, प्रसंगी जळेल. म्हणून लॅपटॉपला आधी अडॅप्टरची ताकद कळावी लागते. डेल आणि एचपीच्या अनेक गोल पिनांच्या मधोमध एक बारीक सुई असते ती यासाठीच. सुईभोवतीच्या धातूच्या नळीतून चार्जिंगची वीज जाते. सुईतून फक्त ओळख जाते. डेलच्या अडॅप्टरमध्ये तर एक इवलीशी मेमरी चिप असते आणि आपण किती वॅटचे आहोत ते ती सुईवाटे लॅपटॉपला कळवते. लेनोवोच्या चपट्या चौकोनी पिनेतही मधली पट्टी ओळखीचंच काम करते.

आता ही सुई वाकली, तिची केसासारखी वायर आत तुटली, किंवा लॅपटॉपच्या बाजूचं जे भोक सुईला धरतं ते सैल झालं, तर काय होईल? वीज पूर्ण येत राहील, लॅपटॉप चालू राहील, पण ओळख पोचणार नाही. मग लॅपटॉप सावधपणे वागतो. हा अडॅप्टर किती वॅटचा आहे ठाऊक नाही, तेव्हा बॅटरी भरायची नाही आणि प्रोसेसरही हळू चालवायचा. भाचीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच चाललं होतं.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून, पिन लावलेली असताना चालू करायचा आणि सुरुवातीलाच बायोसची कळ दाबत राहायची. डेलमध्ये ती F2 असते, एचपीमध्ये बहुधा F10, लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये F1. कित्येक लॅपटॉपमध्ये तिथल्या बॅटरीच्या पानावर अडॅप्टरची एक ओळ असते. अडॅप्टर ओळखला गेला असेल तर तिथे वॅटचा आकडा दिसतो, नसेल तर `Unknown` किंवा तत्सम शब्द. काही लॅपटॉप तर चालू होतानाच काळ्या पडद्यावर इशारा देतात की अडॅप्टरचा प्रकार समजला नाही, बॅटरी कदाचित चार्ज होणार नाही. भाचीला तो इशारा रोज दिसत होता. ती कुठलीतरी कळ दाबून पुढे जात होती, आणि दुकानातही त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

तर ओळख पोचत नाही, एवढं कळलं. पण ती अडॅप्टरमध्ये अडली आहे की लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हे अजून कळलेलं नव्हतं. आधी मल्टिमीटर घेतला. इथे दोन सूचना देतो, कारण घरोघरी तो पिवळा, स्वस्त मल्टिमीटर असतो. त्यात डीसी व्होल्टची २० ची पायरी असते, पण ती १९.९९ पर्यंतच दाखवते. २० व्होल्टचा अडॅप्टर तिच्यावर मोजला तर नुसता १ दिसतो आणि अडॅप्टर बिघडला असं वाटतं. म्हणून २०० च्या पायरीवर ठेवून मोजावं. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. लाल प्रोब नळीच्या आतल्या कडेला आणि काळा बाहेरच्या कडेला लावताना मधल्या सुईला धक्का लागू देऊ नये. ओळखीची चिप थोड्याशा व्होल्टवर चालते. प्रोबच्या टोकाने सुई आणि नळी एकत्र जोडली गेली तर तिच्यावर १९ व्होल्ट जातात आणि चांगली चिप जागच्या जागी जळू शकते. हात स्थिर नसेल त्याने हे मोजमाप करूच नये. पुढच्या परीक्षेने काम भागतं.

आमच्या अडॅप्टरने १९.६ व्होल्ट दाखवले. आकडा चांगला होता, पण त्यावरून एवढंच कळलं की नळीची बाजू ठीक आहे. सुईबद्दल मल्टिमीटर काही सांगत नाही. नुसत्या मोजमापात आणखी एक फसगत असते. पिनेच्या मानेपाशी वायरचे बरेच धागे तुटून दोन-चारच शिल्लक असले, तरी मोकळ्या अडॅप्टरवर व्होल्ट पूर्ण दिसतात. लॅपटॉप वीज ओढायला लागला की ते कोसळतात. म्हणून वायर जिथे पिनेत शिरते आणि जिथे अडॅप्टरच्या डब्यातून निघते, त्या दोन्ही जागा बोटांनी चाचपाव्यात. तिथे मऊ, पोकळ लागलं, किंवा वायर वाकवली की लॅपटॉपचा दिवा मिचकला, तर अडॅप्टर बदलण्याजोगा झाला आहे. जाता जाता हेही सांगतो की गावाकडचा कमी व्होल्टेज याला क्वचितच कारण असतो. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टमध्ये नीट चालतात. लेबलवर तसं छापलेलंच असतं.

खरा निकाल अदलाबदलीने लागतो. माझ्या एका सहकाऱ्यांकडे त्याच कंपनीचा, तशीच पिन असलेला आणि तेवढ्याच वॅटचा अडॅप्टर होता. 'तेवढ्याच वॅटचा' हे महत्त्वाचं आहे; जास्त वॅटचा चालेल, कमी वॅटचा लावून काही सिद्ध होणार नाही. आधी भाचीचा अडॅप्टर त्यांच्या लॅपटॉपला लावला. चार्जिंग लगेच सुरू झालं आणि बायोसमध्ये ६५ वॅट दिसले. मग त्यांचा अडॅप्टर भाचीच्या लॅपटॉपला लावला. पुन्हा `Unknown`. अडॅप्टर सुटला. दोष लॅपटॉपच्या आत, पिन जिथे शिरते तिथून पुढे होता. आणि बायोसला अडॅप्टरच ओळखता येत नव्हता, म्हणजे गाडी बॅटरीच्या चौकशीपर्यंत पोचलीच नव्हती. बॅटरीचा संबंध इथे पूर्ण संपला.

मोबाईलचा टॉर्च लावून पोर्टमध्ये पाहिलं. सुई धरणाऱ्या भोकाची एक बाजू पसरलेली होती आणि कडेला तपकिरी डाग होता. पिन आत घालून हलकेच वरच्या बाजूला दाबली की बॅटरीचा दिवा क्षणभर लागे आणि सोडली की जाई. पोर्टच्या दोषाची ही नेहमीची खूण आहे. पिन एका विशिष्ट कोनात धरली की चालते, पोर्टजवळचा भाग हाताला गरम लागतो, कधी जळका वास येतो. सैल जोडणीत वीज अडखळते आणि तिथे उष्णता तयार होते. म्हणून असा पोर्ट कागदाची घडी किंवा रबरबँड लावून चालवत राहू नये. पुढे तो वितळतो आणि मदरबोर्डलाही इजा करतो. भाचीचं टेबल भिंतीपासून लांब होतं. वायर ताणलेली असायची आणि येता-जाता तिला पाय लागायचा. बाकी कारण शोधायची गरज नव्हती.

यातला दिलासा असा की पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा पोर्ट मदरबोर्डवर जोडलेला नसतो. दुरुस्तीवाले ज्याला डीसी जॅक म्हणतात तो एक स्वतंत्र तुकडा असतो आणि त्याची छोटी वायर मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. बूड उघडलं, दोन-तीन स्क्रू काढले, की तो बदलता येतो. आम्हाला मॉडेल नंबर देऊन मागवलेला जॅक ४५० रुपयांना पडला आणि बसवायला अर्धा तास लागला. काही मॉडेलमध्ये मात्र जॅक मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेला असतो. ते काम हात बसलेल्या कारागिराचंच.

नव्या लॅपटॉपमध्ये गोल पिन जाऊन चपटी टाइप-सी आली आहे. तिथे बाकी गोष्ट तीच, बोलणं मात्र आणखी जास्त. चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉप आणि चार्जर एका वेगळ्या तारेवरून बोलतात, काय काय देता येईल ते चार्जर सांगतो, लॅपटॉप बहुधा २० व्होल्ट मागतो आणि मग ते मिळतात. घरातला मोबाईलचा २० वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉपला पिन लागल्याचं कळतं, पण त्याची भूक भागत नाही. तो चार्जिंग करतच नाही किंवा मुंगीच्या पावलाने करतो. केबलही तेवढीच महत्त्वाची. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे जायचं तर केबलमध्येच ओळख सांगणारी चिप असावी लागते. म्हणून १०० वॅटच्या चार्जरला मोबाईलची केबल लावली, तर हाती ६० च पडतात. टाइप-सी पोर्टची एक खास परीक्षा आहे: पिन काढून उलटी करून लावायची. एका बाजूने चार्ज होतं आणि दुसऱ्या बाजूने नाही असं झालं, तर पोर्टमधला किंवा पिनेतला एका बाजूचा संपर्क गेला आहे. दुसरी केबल लावूनही तसंच राहिलं तर दोष पोर्टचा. त्याआधी लॅपटॉप बंद करून पोर्टमध्ये टॉर्च मारावा. बॅगेतला कापसाचा भुगा आत दाबून बसलेला असतो आणि पिन पूर्ण आत जातच नाही. तो लाकडी दातकोरण्याने हलक्या हाताने काढावा. टाचणी किंवा सेफ्टी पिन कधीही घालू नये.

बॅटरी खरोखर दोषी असेल तर चित्र वेगळं दिसतं. अडॅप्टर ओळखला गेलेला असतो, बायोसमध्ये वॅटचा आकडा असतो, प्रोसेसर पूर्ण गतीने चालतो, पिन हलवून काही फरक पडत नाही आणि तरीही चार्जिंग होत नाही. पिन काढली की लॅपटॉप एकदम किंवा दोन-चार मिनिटांत बंद पडतो. आकडा ४० वरून थेट ७ वर उडी मारतो. अशा वेळी विंडोजकडूनच बॅटरीचा अहवाल घ्यावा. स्टार्टमध्ये `cmd` लिहून काळी खिडकी उघडावी आणि हे टाइप करावं:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाईल कुठे ठेवली ते खिडकीत लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोनच ओळी पाहाव्यात. `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना बॅटरीत मावणारी ऊर्जा आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज मावणारी. नवा जॅक बसवल्यावर खात्रीसाठी मी भाचीची जुनी बॅटरी परत जोडून पाहिली. ती पहिल्याच झटक्यात चार्ज होऊ लागली. अहवालात पहिला आकडा ४२,००० मिलिवॅट-तास होता आणि दुसरा ३३,०००. म्हणजे पाच वर्षांनंतरही जवळपास ७९ टक्के ताकद शिल्लक. ही बॅटरी संपली म्हणून काढून टाकलेली होती. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्याही खाली गेला असता, तर बदलायचा विचार योग्य होता. पण एक लक्षात ठेवावं: ताकद कमी झाल्याने बॅटरी लवकर संपते, चार्जिंग त्यामुळे थांबत नाही. चार्जिंग थांबतं ते बॅटरीच्या आतल्या सर्किटने स्वतःला कुलूप लावलं तर. लॅपटॉप पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कित्येक महिने कपाटात पडून राहिला, तर सेलचा व्होल्टेज धोक्याच्या खाली जातो. अशा सेलला पुन्हा भरणं धोक्याचं, म्हणून ते सर्किट कायमचा नकार देते. ते कुलूप बाहेरून उघडायच्या युक्त्या लोक करतात. त्या करू नयेत. टचपॅड वर आला असेल, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तिथे कसलीही परीक्षा न करता पिन काढावी, लॅपटॉप बंद करावा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी.

दुकानातल्या पहिल्या चुकीचं मूळही आता उलगडतं. नव्या बॅटऱ्या कारखान्यातून अर्धवट भरूनच येतात. म्हणून बसवल्यावर आकडा ४६ दिसला, लॅपटॉप पिनेशिवाय चालला आणि काम झालं असं वाटलं. तो चार्ज कराडात भरलेला नव्हताच. बॅटरी बदलल्यावर ती चालते का हे पाहण्यात अर्थ नाही. आकडा एक-दोन टक्के तरी वर सरकतो का, हे दुकानातच उभं राहून पाहावं. शिवाय वीज गेल्यावर जुन्या बॅटरीवर लॅपटॉप अर्धा तास चालत होता, हे भाचीने तेव्हाच सांगितलं होतं. एवढं ऐकल्यावर तरी आधी अडॅप्टर आणि जॅक पाहायला हवे होते.

एक घरगुती उपाय सगळ्यात आधी करून पाहायला हरकत नाही, कारण तो फुकट आहे. लॅपटॉप बंद करून पिन काढायची, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरायचं. मग सगळं परत लावून चालू करायचं. निर्णय घेणारा तो कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो आणि अशाने नव्याने सुरू होतो. हे करून एकदा चार्जिंग सुरू झालं आणि पुन्हा तक्रार आली नाही, तर विषय संपला. दर दोन दिवसांनी हेच करावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे. आणि अडॅप्टर ओळखला जातोय, जॅक घट्ट आहे, दुसरी चांगली बॅटरी लावूनही चार्जिंग होत नाही, असं असेल, तर मदरबोर्डवरचं चार्जिंगचं सर्किट गेलं आहे. ते घरी होण्यासारखं काम नाही.

भाचीच्या लॅपटॉपचा जॅक बदलून आता सात महिने झाले. नवी बॅटरी आत आहे, जुनी तिने तसाच लॅपटॉप असलेल्या एका मैत्रिणीला दिली आणि तीही चालते आहे. तुमच्या पडद्यावर ही ओळ आली, तर बॅटरीचे पैसे मोजण्याआधी तेवढ्याच वॅटचा दुसरा अडॅप्टर लावून पाहा, आणि बायोसमधली अडॅप्टरची ती एक ओळ दुकानदाराला तुमच्यासमोर वाचायला सांगा.